वीस घरांचा क्रमांक

मी सही नाकारली, त्या दिवशी कारखान्यात माझ्या बाजूने कोणी नव्हते. ही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. सही नाकारताना सोबत लागत नाही.

कारखाना नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. पंपांचे शाफ्ट तयार होतात, माणसे चौदा. तो ज्याने उभा केला तो माझा शाळेपासूनचा मित्र. मी नगरमधल्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा त्याने मला घरी बसू दिले नाही. जाण्यापूर्वी त्याने बँकेत एक ठराव नोंदवून ठेवला. कारखान्याच्या खात्यातून मोठी रक्कम बाहेर जायची असेल तर दोन सह्या लागतील, एक त्याच्या मुलाची आणि दुसरी माझी. मुलाला हे तेव्हाही आवडले नव्हते. बाप गेला, ठराव राहिला.

आता मुलगा मालक आहे. वय चाळीस. कष्टाळू आहे. घाईत असतो. मला काका म्हणतो आणि माझ्यावर चिडतो, दोन्ही मनापासून.

गेल्या वर्षी त्याने जर्मनीतून एक जुना ग्राइंडर घ्यायचे ठरवले. शाफ्टची शेवटची घासाई आम्ही बाहेरून करून आणत होतो. त्यात दिवस जात आणि माल परत येताना ओरखडे घेऊन येई. ग्राइंडर आपला असता तर पुण्याच्या एका कंपनीचे कायमचे काम मिळणार होते. विकणारी पेढी तिकडच्या एका लहान गावातली, जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणारी. पूर्ण रक्कम आधी, मग यंत्र जहाजावर, असा त्यांचा रिवाज. आमच्याकडे ती रक्कम होती. तीन वर्षे दुसरे काहीही न घेता साठवलेली होती. ती गेली असती तर दुसरी नव्हती.

फोरमनने यंत्रासाठी शेडच्या कोपऱ्यात काँक्रीटचा पाया ओतूनही टाकला होता. तो कर्जत तालुक्यातला, मिरजगावाकडचा. मी त्याला म्हणालो, "यंत्र अजून घेतलेले नाही."

तो म्हणाला, "काका, पाळणा आधी बांधला तर पोर लवकर होतं म्हंत्यात."

"कोण म्हणते?"

"आमीच."

सोमवारी सकाळी त्या पेढीकडून मेल आला. आमच्या जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे, रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी. शुक्रवारपर्यंत न आल्यास यंत्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यावे लागेल. मेलची भाषा नेहमीचीच होती. खाली नेहमीच्या बाईंचे नाव होते, वर पेढीचे बोधचिन्ह होते, आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार त्याला जोडलेला होता.

मालकाने तो हिशेबाच्या बाईंकडे पाठवला. बाई पारनेरच्या, वय तिशीचे, कामाला चोख. त्यांनी मंगळवारी सकाळी बँकेच्या संगणकीय अर्जात माहिती भरायला घेतली. अकरा वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, हा खाते नंबर घेतच नाहीये. तीनदा भरला."

"काय भरले?"

"देश जर्मनी निवडला. तर म्हणतं, लांबी चुकीची. मोजले तर वीसच भरतात, त्याला बावीस पाहिजेत. मग मी मध्ये दोन शून्यं लावली."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"आपल्याकडे लावतो ना सर. नंबर आखूड असला की पुढे शून्यं. पतसंस्थेचा तर मी रोज भरते."

हे खरे आहे. आपल्याकडे एका बँकेचा खाते क्रमांक अकरा आकडी असतो, दुसरीचा पंधरा आकडी. नोंदीचा रकाना मोठा असेल तर कारकून डावीकडे शून्ये लावून तो भरतो. शून्याने किंमत बदलत नाही हे आपण शाळेत शिकलो. त्या सवयीने कित्येक पगार सुखरूप पोहोचले आहेत. मी स्वतः आयुष्यभर हेच केले.

"शून्ये लावल्यावर?"

"तरी घेईना. म्हणतं, देश जुळत नाही. मग नीट बघितलं तर पहिली दोन अक्षरं एल टी होती. पेढी जर्मनीची, म्हणजे डी ई पाहिजे. टायपिंगची चूक असेल म्हणून ती बदलली. तरी घेईना. आता म्हणतं, नंबरच अवैध."

मी त्यांना खुर्ची दिली आणि मेलची छापील प्रत मागितली.

हा क्रमांक आयबॅन. परदेशी खात्याचा क्रमांक लिहिण्याची ती एक ठरलेली पद्धत आहे. पहिली दोन अक्षरे देशाची. जर्मन लोक आपल्या देशाला ज्या नावाने हाक मारतात ते डी ई ने सुरू होते, म्हणून जर्मनीची डी ई. त्यापुढचे दोन अंक तपासणीचे. बाकी सगळ्या अक्षर-अंकांवर एक गणित करून ते काढलेले असतात. कोणी एक आकडा जरी बदलला तरी गणित फसते आणि यंत्र तो क्रमांक परत फेकते. उरलेला भाग त्या देशातल्या खात्याचा. प्रत्येक देशाने एकूण लांबी एकदाच ठरवली आहे आणि ती सर्व बँकांना सारखी लागू आहे. नॉर्वेची पंधरा, बेल्जियमची सोळा, नेदरलँड्सची अठरा, जर्मनीची बावीस, फ्रान्सची सत्तावीस. दुबईला कांदा पाठवणाऱ्यांना ए ई ने सुरू होणारा तेवीस घरांचा क्रमांक तोंडपाठ असतो. हा तक्ता मला निवृत्तीनंतरही विसरता आलेला नाही. भारत या पद्धतीत नाहीच. राहात्याच्या एका डाळिंबवाल्याला परदेशी गिऱ्हाइकाने आयबॅन मागितला, तेव्हा त्याने आपल्या खाते क्रमांकापुढे आय एन लिहून दिले आणि पैसे येईनात म्हणून तो माझ्या टेबलाशी येऊन भांडला. भारताचा आयबॅन नसतो हे त्याला पटवायला मला अर्धा दिवस लागला. पटले तेव्हाही तो म्हणाला, "साहेब, मग आपला देश एवढा मोठा कशाला?"

एल टी म्हणजे लिथुआनिया. लांबी वीस.

मी बाईंना पेन्सिल दिली. "मूळ क्रमांक, जसा मेलमध्ये आहे तसा, एकेक घर मोजा."

त्यांनी मोजले. वीस.

"म्हणजे चूक कुठे आहे?"

"कुठेच नाही. म्हणून तर काळजी करायची. डी ई च्या जागी चुकून एल टी पडले असते, तर घरे बावीस भरली असती. दोन आकडे गळाले असते, तर वीस भरली असती, पण अक्षरे डी ई राहिली असती. इथे अक्षरे लिथुआनियाची आहेत आणि घरेही लिथुआनियाचीच. दोन साक्षी एकच गोष्ट सांगतात. खाते जर्मनीत नाही."

बाईंनी हळूच विचारले, "मग मी जे बदललं..."

"ते यंत्राने स्वीकारले नाही हे तुमचे नशीब. पुन्हा करू नका. परदेशी क्रमांकात शून्यसुद्धा आकडा असतो."

आवाज ऐकून मालक त्याच्या काचेच्या खोलीतून बाहेर आला. फोरमन त्याच्या मागे होता. त्याला पायाच्या बोल्टांबद्दल विचारायचे होते.

"काय अडलंय?" मालक म्हणाला.

मी सांगितले. त्याने अर्धे ऐकले.

"काका, देश चुकीचा निवडलाय एवढंच ना? मग लिथुआनिया निवडा." त्याने बाईंच्या खुर्चीत बसून स्वतः देश बदलला, मूळ क्रमांक जसाच्या तसा भरला आणि बटण दाबले. पडद्यावर हिरवी खूण आली.

"घेतलं! बघा. तीन तास घालवले."

"एल टी म्हंजे लो टेन्शन लाइन न्हाई का?" फोरमन म्हणाला.

"तुझा पाया बघ तू," मालक म्हणाला, पण हसला. त्याने अर्ज छापला, सही केली आणि माझ्यापुढे ठेवला. "काका, करा. एकच्या आत शाखेत गेला पाहिजे."

मी पेनाला टोपण लावले.

"करणार नाही."

"का?"

"यंत्राने क्रमांकाची बांधणी तपासली. लांबी बरोबर, गणित बरोबर. तो क्रमांक कोणाचा आहे हे यंत्राने तपासलेले नाही. खोट्या माणसाकडेही खरे खाते असते."

"पण मेल त्यांचाच आहे. जुना सगळा पत्रव्यवहार खाली जोडलाय."

"पत्रव्यवहार ज्याने वाचला त्याला तो जोडता येतो."

"काका, युरोप एकच आहे. चलन एक, बाजार एक. आपला नगरचा माणूस पुण्याच्या बँकेत खातं काढतो की नाही?"

"काढतो. जर्मन पेढीनेही लिथुआनियात खाते काढले असेल. त्यात गैर काही नाही. पहिली दोन अक्षरे खात्याचा देश सांगतात, खातेदाराचा नाही. चोरी झाली असे मी म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

"महिन्यापूर्वीच्या बिलावर डी ई आणि बावीस घरे होती. आज एल टी आणि वीस आहेत. खात्याने देश बदलला. कशासाठी, हे मी त्यांच्या तोंडून ऐकेन. तोपर्यंत सही नाही."

मालकाचा आवाज चढला. शेडमधले एक लेथ थांबले, म्हणजे तिकडेही ऐकू जात होते.

"बँक सोडून किती वर्षं झाली तुम्हाला? जग कुठं गेलं! तुमच्या काळात एक ड्राफ्ट तिकडे पोहोचायला आठवडा लागायचा. इथं शुक्रवारी यंत्र दुसऱ्याला जाईल. पुण्याचं काम जाईल. आणि तुम्ही अक्षरं मोजत बसा!"

"मोजतो आहे."

"बापानं तुम्हाला सही दिली ती मला मदत करायला. अडवायला नाही."

त्याला उत्तर होते. मी ते दिले नाही. मृत माणसाला साक्षीला बोलावू नये.

"मी ठराव बदलून घेतो," तो म्हणाला. "उद्याच. दुसरी सही रद्द."

"कागद आण. त्यावर मी लगेच सही करतो. यावर नाही."

फोरमन जमिनीकडे पाहत होता. बाई पडद्याकडे. मालक अर्ज टेबलावर आपटून काचेच्या खोलीत गेला. दार आपटले नाही, कारण ते सरकते होते.

मी कपाटातून फाइल काढली. पहिल्या चौकशीच्या वेळी पेढीने टपालाने एक छापील माहितीपुस्तक पाठवले होते. त्याच्या मागच्या पानावर दूरध्वनी क्रमांक होता. मेलच्या तळाशीही एक होता. दोन्ही शेजारी ठेवून मी बाईंना दाखवले. शेवटचे चार आकडे वेगळे होते.

"कुठला लावायचा, सर?"

"संशय ज्या कागदावर आहे, त्याच कागदावरचा क्रमांक लावून शंका विचारायची नसते."

त्यांचे कार्यालय नऊला उघडते. उन्हाळ्यात तिथले नऊ म्हणजे आपले साडेबारा. पाऊण तास होता. मी डबा खाल्ला. मालकाने खोलीतून दोनदा पाहिले. मी सावकाश खाल्ला. हे मुद्दाम केले, हे कबूल करतो.

बारा पस्तीसला फोन लावला. मालकाला बाहेर बोलावले आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे त्याच बाई होत्या ज्यांचे नाव मेलखाली होते. आवाज खणखणीत, इंग्रजी माझ्याइतकीच हिशेबी. मी कारखान्याचे नाव सांगितले, यंत्राचा क्रमांक सांगितला आणि विचारले, आपण खाते बदलले आहे काय?

"नाही," त्या म्हणाल्या.

"सोमवारी आपण आम्हाला मेल पाठवला?"

"सोमवारी आमच्याकडे सुट्टी होती."

मी म्हणालो, आम्हाला आलेला क्रमांक एल टी ने सुरू होतो.  त्यांनी लगेच विचारले, "पैसे पाठवलेत?" त्या एका प्रश्नात त्यांचा आवाज बदलला. मी नाही म्हणालो. त्यांनी श्वास सोडला, तो नागापुरात ऐकू आला.

त्या म्हणाल्या, आमचे लिथुआनियात खाते नाही, कधी नव्हते, आणि तुमच्या यंत्रासाठी दुसरे गिऱ्हाईकही नाही. यंत्र तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहे. शुक्रवारचे आम्ही काहीच म्हटलेले नाही. मी त्यांना त्यांचा खरा क्रमांक वाचून दाखवायला सांगितला. त्या वाचत गेल्या आणि आमच्या बाई महिन्यापूर्वीच्या बिलावर एकेका घराखाली टिंब देत गेल्या. डी ई, दोन अंक, मग अठरा अंक. एकही टिंब हुकले नाही. बाईंनी मोठ्याने म्हटले, "बावीस." जर्मन बाईंनी तो मराठी शब्द ऐकला आणि काय म्हणून विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, होय, बावीसच.

फोन ठेवला.  मालक त्याच खुर्चीत बसला होता जिच्यातून त्याने बटण दाबले होते. चेहरा पांढरा होता. मला समाधान वाटले नाही. वाटले असते तर लिहिले असते.

तो म्हणाला, "कोणाचा मेल फोडला असेल? आपला की त्यांचा?"

"ठाऊक नाही. दोघांनीही परवलीचे शब्द बदलायचे. आज. आणि बँकेला तो क्रमांक कळवायचा, पोलिसांनाही."

"पोलिसांना कशाला? पैसे तर गेले नाहीत."

"आपले गेले नाहीत."

त्याने मान हलवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हे इथल्या इथं राहू द्या. शेडमध्ये नको. माणसं म्हणतील, शेठ पैसे घालवून बसले होते."

"लपवणार नाही."

"का पण? काय मिळणार तुम्हाला?"

"मला काही नाही. ती बचत एकट्या तुझी नाही. तीन वर्षे त्यांनी बोनस कमी घेतला, यंत्र येणार म्हणून. पाया त्यांनी ओतला. आज सकाळी जे चालले होते ते त्यांना ठाऊक हवे. उद्या फोरमनच्या फोनवरही असाच निरोप येईल, तेव्हा त्याने मोजायला हवे. तू सांग. नाहीतर मी सांगतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या बापाचीही अशीच पाहण्याची रीत होती, हरल्यावर. मग तो उठला आणि शेडमध्ये गेला. मीही मागे गेलो, दारापर्यंत. सगळी यंत्रे बंद करायला सांगून त्याने सर्व सांगितले. मेल आला, आपण फसलो, बटण आपणच दाबले, काकांनी सही केली नाही. त्याने एकही वाक्य सौम्य केले नाही. मी हे त्याच्या खात्यावर जमा धरतो.

 फोरमन म्हणाला, "शेठ, पैसे हायेत ना अजून?"

"आहेत."

"मंग एवढं तोंड कशाला पाडायचं? मशीन येतीय का न्हाई तेवढं सांगा. बोल्ट कुठले लावू?"

कोणी तरी हसले. पलीकडचे लेथ सुरू झाले.

दुपारी बाईंनी नवा अर्ज भरला. पहिला त्यांनी माझ्यासमोर उभा-आडवा फाडला, मी न सांगता. देश जर्मनी. क्रमांक बिलावरून, एकेक घर. यंत्राने एकदाच विचारले आणि एकदाच घेतले. त्यांनी छापील कागद मालकापुढे ठेवला, पण सही करू दिली नाही. त्याच्या पेनाच्या टोकावर हात आडवा धरून त्या म्हणाल्या, "आधी मोजा, साहेब."

"तुम्ही मोजलेत ना?"

"मी मोजलेत. तुम्ही मोजा."

सकाळच्या बाई आणि या बाई एकच होत्या यावर विश्वास बसू नये असा तो सूर होता. मालकाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. त्याने बोट ठेवून बावीस मोजले, ओठ हलवत, आणि सही केली.

मग मी मोजले. मग सही केली, तारीख घातली, आणि तारखेखाली वेळही लिहिली. चार वाजून दहा मिनिटे. अर्जावर वेळेचा रकाना नव्हता. शाखेतल्या अधिकाऱ्याने फोन करून विचारले की ही वेळ कशासाठी. मी म्हणालो, नुसत्या तारखेत सकाळ आणि दुपार वेगळी दिसत नाही. लिहिली आहे ती राहू द्या.